विक्रीस ठेवलेल्या मालाची वही

दिवाळी अंकांचे गठ्ठे छापखान्यातून निघून कोल्हापूरच्या, सोलापूरच्या किंवा नागपूरच्या विक्रेत्याच्या दुकानात जाऊन पडतात, तेव्हा त्या अंकांची विक्री झालेली नसते. त्यांनी केवळ जागा बदललेली असते. ही गोष्ट उच्चारताच इतकी स्वयंसिद्ध वाटते की तिच्यावर लेख लिहावा असे कोणाला सुचणार नाही. परंतु नियतकालिकांच्या आणि ग्रंथप्रकाशनाच्या व्यवसायातील निम्मे तंटे, आणि ज्या मासिकांच्या हिशेबात भरभराट दिसत असतानाच गल्ल्यात कागदाच्या बिलापुरतेही पैसे नसतात अशा अनेक मासिकांची ओढाताण, या एका स्वयंसिद्ध गोष्टीचा वहीत विसर पडल्यामुळे उद्भवलेली असते. काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी १९०९ साली ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला, तेव्हापासून हा हंगामी व्यापार महाराष्ट्रात रुजला आणि आज तो शेकडो अंकांचा झाला आहे. त्यातील बराच माल न विकल्यास परत घेण्याच्या बोलीवर विक्रेत्याकडे ठेवला जातो. त्या मालाचे देणे, विकणे, परत येणे आणि अखेरचा हिशेब चुकता होणे या चारही अवस्था एकाच वहीत कशा मांडाव्यात, आणि तशा न मांडल्यास काय होते, याचा येथे विचार करावयाचा आहे.

मालक आणि विक्रेता यांच्यातील व्यवहार स्थूलमानाने तीन प्रकारचा असतो. पहिल्यात विक्रेता माल सरळ विकत घेतो आणि विकला न गेल्यास नुकसान त्याचे. दुसऱ्यात तो माल ‘पसंतीस अथवा परतीच्या बोलीवर’ घेतो. अशा मालाची मालकी केव्हा बदलते हे १९३० च्या मालविक्री कायद्याच्या कलम २४ मध्ये सांगितले आहे. घेणाऱ्याने पसंती कळविली, किंवा माल आपलासा करण्याजोगे एखादे कृत्य केले, किंवा नकार न कळविता ठरलेली मुदत आणि मुदत ठरलेली नसल्यास वाजवी काळ उलटू दिला, की तो माल त्याचा झाला. तिसऱ्यात विक्रेता हा मालकाचा मुखत्यार असतो. तो मालकाच्या वतीने विकतो, आपले कमिशन कापून घेतो आणि उरलेली रक्कम मालकाच्या हवाली करतो. १८७२ च्या करार कायद्याने अशा मुखत्यारावर मागणी होताच योग्य हिशेब देण्याचे बंधन घातले आहे, आणि त्याच कायद्याने आपल्या मेहनतान्यासाठी हाती आलेल्या रकमेतून वजावट करण्याचा व मालावर धारणाधिकार सांगण्याचा हक्कही त्याला दिला आहे. व्यवहारात मात्र दुसरा आणि तिसरा प्रकार एकमेकांत मिसळून गेलेले असतात. बहुतेक प्रकाशक आणि विक्रेते यांच्यात लेखी करारच नसतो, आणि आपण खरेदीदार आहोत की मुखत्यार, हा प्रश्न विक्रेत्यापुढे दुकानात आग लागल्यावर किंवा अंक पावसात भिजल्यावर प्रथमच उभा राहतो.

हा व्यवहार नवा नाही. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात जमशेटजी जीजीभाईंसारखे मुंबईचे व्यापारी कापूस आणि अफू चीनच्या किनाऱ्यावर जार्डीन मॅथेसनसारख्या पेढ्यांकडे विक्रीसाठी पाठवीत, तेव्हा माल जहाजावर चढला म्हणजे विकला गेला असे कोणी मानीत नसे. पलीकडच्या पेढीकडून कोणत्या भावाने किती माल खपला, वखारभाडे किती, आडत किती आणि निव्वळ येणे किती याचे विक्रीपत्रक येई आणि मुंबईच्या वहीत त्याची खतावणी होई. विक्रीपत्रक हाच त्या व्यापाराचा कणा होता, आणि आजही दिवाळी अंकाच्या एजंटाकडून येणारा चार ओळींचा कागद ही त्याचीच धाकटी आवृत्ती आहे. आडतीवरचा अडत्या ज्याला उधारीने माल देतो त्याच्या बुडीतीची हमीही तोच घेतो की नाही, हा प्रश्न तेव्हाही निकराचा होता. दिवाळी अंकाच्या बाबतीत मला तरी याविषयी शंका वाटत नाही: विक्रेत्याने वाचनालयाला उधारीने दिलेला अंक हा विकलेला अंक होय, आणि त्याची वसुली ही विक्रेत्याची जोखीम होय, कारण त्या वाचनालयाला प्रकाशक ओळखतही नसतो.

आता वहीकडे वळू. प्रचलित पद्धत अशी की, माल पाठविल्याच्या चलानांचे एक पुस्तक असते, एजंटांच्या पत्रांची एक फाइल असते, परत आलेल्या गठ्ठ्यांची नोंद गोदामातला माणूस आपल्या कच्च्या वहीत करतो, आणि आलेले पैसे रोजकीर्दीत जमा होतात. चारही दप्तरे आपापल्या जागी बिनचूक असू शकतात आणि तरीही कोल्हापूरच्या विक्रेत्याकडे आज आपले किती अंक आहेत, या साध्या प्रश्नाचे उत्तर त्यांपैकी एकातही सापडत नाही. यावर उपाय म्हणून काही प्रकाशक माल पाठविताच त्याचे बिल फाडतात, विक्रेत्याच्या नावे पूर्ण रक्कम टाकतात आणि परत आलेल्या मालाची पुढे वजावट देतात. ही पद्धत सोपी आहे खरी, पण ती हिशेबाला मुळापासून खोटे करते. हंगामाच्या आरंभीच सगळा माल खपल्याचा भास होतो, न झालेला नफा दिसू लागतो, त्या नफ्याच्या भरवशावर पुढच्या अंकाच्या प्रती वाढविल्या जातात, आणि जानेवारीत परतीचे गठ्ठे आले म्हणजे येण्याचा मोठा भाग कागदाच्या रद्दीत रूपांतरित झालेला आढळतो.

एका वहीची रचना वास्तविक साधी आहे. प्रत्येक विक्रेत्याला वहीची समोरासमोरची दोन पाने द्यावीत. डाव्या पानावर केवळ नग: तारीख, चलानाचा किंवा पत्राचा क्रमांक, तपशील, आणि मग दिले, विकले, परत आले, तूट, शिल्लक असे पाच रकाने. उजव्या पानावर केवळ पैसा: विक्रीची किंमत, कमिशन, इतर वजावट व भरपाई, निव्वळ देय, जमा आणि बाकी. या रचनेतला खरा नियम एकच आहे, आणि तो म्हणजे माल दिल्याची ओळ डाव्या पानावर लिहिली असता तिच्यासमोरचे उजवे पान कोरे राहिले पाहिजे. पैशाचा रकाना विक्रीच्या कागदावाचून भरावयाचा नाही. त्याला अपवाद फक्त गहाळ वा खराब मालाच्या भरपाईचा आणि वाहतूक खर्चाचा. जो हिशेबनीस हा कोरेपणा सोसू शकत नाही, आणि ‘एवढा माल गेला, त्याची काहीतरी रक्कम दाखवावी’ म्हणून पेन्सिलीने का होईना आकडा घालतो, तो पुढच्या सहा महिन्यांच्या घोटाळ्याची बीजे पेरीत असतो.

उदाहरणादाखल कोल्हापूरच्या एका विक्रेत्याचे पान मांडून पाहू. अंकाची किंमत ३०० रुपये आणि कमिशन शेकडा ३० धरले आहे. म्हणजे विकल्या गेलेल्या प्रत्येक अंकामागे विक्रेत्याचे ९० रुपये आणि प्रकाशकाचे २१०. दिवाळीपूर्वी तीन आठवडे २०० अंक चलानाने रवाना झाले. डावीकडे ‘दिले २००, शिल्लक २००’. उजवीकडे काही नाही. दिवाळीच्या आठवड्यात कोल्हापुरात अंक संपत आल्याचा फोन आला, त्याच वेळी सोलापूरच्या विक्रेत्याकडे माल पडून होता. तेव्हा सोलापूरहून ४० अंक परस्पर कोल्हापूरला पाठविले गेले.

या परस्पर बदलीपाशी थोडे थांबले पाहिजे, कारण हंगामी मालाच्या व्यापारात ती सर्वांत लाभदायक कृती आहे आणि वहीत ती सर्वांत अधिक वेळा गहाळ होते. दिवाळी अंकाचे आयुष्य जेमतेम दोन महिन्यांचे. तुळशीचे लग्न लागले की ग्राहकाचा उत्साह ओसरतो आणि नवे वर्ष उजाडल्यावर तोच अंक निम्म्या किमतीतही कोणी उचलीत नाही. म्हणून माल पुण्याला प्रकाशकाकडे परत येऊन पुन्हा कोल्हापूरला जाण्याइतका अवकाश नसतो. पण माल प्रकाशकाच्या दारावरून गेला नाही म्हणून वहीत त्याची नोंदच होत नाही, आणि मग हंगामाअखेर सोलापूरकराच्या पानावर ४० अंकांची तूट व कोल्हापूरकराच्या पानावर ४० अंकांची अधिक विक्री असे दोन विपरीत चमत्कार दिसतात. नियम असा असावा की, परस्पर बदलीच्या दिवशीच प्रकाशकाने दोन चलाने लिहावीत: सोलापूरच्या पानावर ‘परत ४०’ आणि कोल्हापूरच्या पानावर ‘दिले ४०’, आणि कोल्हापूरच्या विक्रेत्याकडून गठ्ठ्यातील नगांची पोच मिळेपर्यंत दोन्ही ओळींपुढे ‘पोच बाकी’ असा शेरा असावा. वाटेत दोन अंक गहाळ झाले तर ते कोणाच्या पानावर पडतील, हे पोच येण्यापूर्वीच ठरलेले असणे इष्ट. माल पाठविणाऱ्याने प्रकाशकाच्या सांगण्यावरून पाठविला असल्यास ती जोखीम प्रकाशकाची, असे मला न्याय्य वाटते.

पोच पूर्ण ४० ची आली. कोल्हापूरच्या पानावर आता एकूण दिलेले अंक २४०. दिवाळी संपताच पहिले विक्रीपत्रक आले: ११० विकले. उजवे पान प्रथमच बोलू लागले: किंमत ३३,०००, कमिशन ९,९००, निव्वळ देय २३,१००. विक्रेत्याने २०,००० रुपये पाठविले आणि बाकी ३,१०० राहिले. असे गोळा रकमेने पैसे पाठविण्याची चाल सर्वत्र आहे आणि तीत गैर काही नाही. मात्र आलेली रक्कम कोणत्या पत्रकापोटी जमा केली हे त्याच ओळीत लिहिले पाहिजे. तसे न केल्यास चार हंगामांनंतर विक्रेता ‘मागल्या वर्षाचे सगळे चुकते झाले’ म्हणतो, प्रकाशक ‘ते पैसे या वर्षाचे होते’ म्हणतो, आणि दोघेही आपापल्या समजुतीने खरे असतात.

डिसेंबरअखेर दुसरे पत्रक आले: आणखी ६२ विकले, म्हणजे एकंदर १७२; ६० परत पाठविले; वाचनालयांच्या मागणीसाठी ४ दुकानात ठेवले. वहीतल्या ताळ्याचे सूत्र एकाच ओळीचे आहे: दिलेले नग हे विकलेले, परत आलेले, तूट आणि हाती असलेले या चौघांच्या बेरजेइतके भरले पाहिजेत. विक्रेत्याच्याच आकड्यांनी १७२, ६० आणि ४ मिळून २३६ होतात. ४ अंकांचा पत्ता नाही. इकडे गोदामात परतीचा गठ्ठा सोडून मोजला तेव्हा तो ६० चा नसून ५८ चा निघाला. म्हणजे प्रकाशकाच्या बाजूने तूट ६ ची.

येथे दोन मार्ग असतात. सोपा मार्ग म्हणजे दिलेल्या २४० मधून परत आलेले ५८ आणि हातातले ४ वजा करून उरलेले १७८ विकले गेले असे ठरविणे व तेवढ्याचे पैसे मागणे. कित्येक प्रकाशक वर्षानुवर्षे हेच करतात, आणि वजाबाकीची ही पद्धत त्यांना इतकी अंगवळणी पडलेली असते की विक्रीचे पत्रक मागविण्याचीही त्यांना गरज वाटत नाही. परंतु वजाबाकीने काढलेली विक्री ही विक्री नव्हे. तीत चोरी, गहाळी, वाटेतली तूट, मोजणीतली चूक आणि प्रकाशकाच्याच गोदामातला घोळ, सारे ‘विकले’ या एका शब्दाखाली दडून जाते. अशा वहीचा ताळा नेहमीच जुळतो, कारण न जुळण्याची सोयच तीत ठेवलेली नसते. विकलेले नग विक्रेत्याने सांगावेत, परत आलेले नग प्रकाशकाने मोजावेत, हातातले नग दोघांपैकी एकाने प्रत्यक्ष पाहावेत, आणि हे तीन आकडे तीन वेगळ्या उगमांतून आले असता उरणारा फरक ‘तूट’ या रकान्यात उघडपणे उभा राहावा, यातच एका वहीचे सामर्थ्य आहे.

त्या ६ अंकांचा शोध पुढीलप्रमाणे लागला. परतीच्या पार्सलच्या पावतीवर वजन होते २६ किलो ६०० ग्रॅम. एका अंकाचे वजन ४५० ग्रॅम. ६० अंकांचे नुसते वजनच २७ किलो भरते आणि ५८ अंकांचे २६ किलो १०० ग्रॅम. तेव्हा सुतळी व पुठ्ठ्यासकट २६ किलो ६०० ग्रॅम हे वजन ५८ अंकांशीच सुसंगत होते. दोन अंक वाटेत गेले नव्हते, ते पार्सलात घातलेच गेले नव्हते. विक्रेत्याने दुसऱ्या एका मासिकाच्या परतीसाठी बांधलेला गठ्ठा सोडून पाहिला, तेव्हा ते दोन अंक त्यात सापडले. हंगामात शंभर-दीडशे निरनिराळे अंक एकाच फडताळात असताना असे होणे अगदी साहजिक आहे, आणि म्हणूनच अंकाचे वजन छापखान्यातून माल येतो त्याच दिवशी काट्यावर करून वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवावे. उरलेल्या चारांपैकी तीन अंक एका वाचनालयाला उधारीने दिलेले होते आणि पैसे न आल्यामुळे विक्रेत्याने ते विक्रीत धरले नव्हते. वर सांगितलेल्या तत्त्वानुसार ते विकले गेले. एक अंक खरोखरच सापडला नाही. अखेरचे डावे पान असे झाले: विकले १७५, परत ५८, तूट १, हाती ६, एकूण २४०.

परत आलेल्या ५८ मध्ये ५ अंक खराब होते, आणि खराब म्हणजे काय हेही वेगळे पाहावे लागले. दोन अंकांत एक फर्मा उलटा बांधलेला होता. तो दोष छापखान्याचा, त्यांचा भुर्दंड विक्रेत्यावर टाकणे अन्याय झाला असता. तीन अंक ओलीने फुगलेले होते, आणि दुकानातील मालाची वाजवी काळजी घेणे हे तो ताब्यात ठेवणाऱ्याचे कर्तव्य असल्यामुळे त्यांची भरपाई विक्रेत्याने द्यावी असे ठरले. येथे वही लिहिणाऱ्याला एक मोह होतो: तीन अंक स्वीकारले नाहीत म्हणून डावीकडे ‘परत ५५’ लिहिण्याचा. तसे करू नये. आलेले नग आले म्हणून ५८ च लिहावेत आणि नाकारलेल्या तिघांचे मोल उजव्या पानावर भरपाईच्या रकान्यात घालावे. अन्यथा गोदामात ५८ प्रती आणि वहीत ५५ असा नवाच घोळ सुरू होतो.

आता उजवे पान पुरे करू. विकलेले १७५ अंक, किंमत ५२,५०० रुपये, कमिशन १५,७५०, निव्वळ ३६,७५०. गहाळ झालेला एक आणि भिजलेले तीन अशा चार अंकांची भरपाई प्रत्येकी २१० प्रमाणे ८४०; ती पूर्ण किमतीने न लावता कमिशन वजा जाता लावली, कारण अंक विकला गेला असता तर प्रकाशकाच्या पदरात तेवढेच पडले असते. एकूण ३७,५९०. परतीचे भाडे प्रकाशकाने सोसावयाचे अशी बोली होती आणि विक्रेत्याने भरलेले ३५० रुपये वजा जाता ३७,२४०. पूर्वी आलेले २०,००० वजा करता येणे बाकी १७,२४०. माल पाठविताच बिल फाडणाऱ्या पद्धतीने याच विक्रेत्याच्या नावे दिवाळीतच ५०,४०० रुपये दिसले असते. खरा आकडा त्याच्या तीनचतुर्थांशाहून थोडाच खाली किंवा वर असेल असा अंदाजही तेव्हा कोणाला बांधता आला नसता.

कायद्याच्या दृष्टीने या वहीला दोन मर्यादा आहेत. एक म्हणजे, विक्रेत्याच्या दुकानातील माल आपला आहे ही मालकाची नोंद तिसऱ्या माणसाला बांधून ठेवीत नाही. मालकाच्या संमतीने ताब्यात असलेला माल व्यापारी मुखत्याराने धंद्याच्या नेहमीच्या ओघात कोणाला विकला, किंवा गहाण ठेवला, आणि घेणाऱ्याने सद्भावाने घेतला, तर मालकाला त्या माणसाच्या मागे लागता येत नाही. त्याला आपल्या विक्रेत्याकडेच दाद मागावी लागते. दुसरी मर्यादा कराची. २०१७ च्या वस्तू व सेवा कर कायद्यात परतीच्या बोलीवर पाठविलेल्या मालाचे बिल विक्रीच्या वेळी अथवा माल हलविल्यापासून सहा महिन्यांत, यांपैकी जे आधी घडेल तेव्हा, करावे लागते. आणि जो मुखत्यार मालकासाठी स्वतःच्या नावाने बिल देतो त्याच्याकडे पाठविलेला माल पाठविताक्षणीच पुरवठा मानला जातो. छापील पुस्तके आणि नियतकालिके करमुक्त असल्यामुळे प्रकाशकाला याची झळ फारशी लागत नाही. पण साड्या, भांडी किंवा आयुर्वेदिक औषधे याच बोलीवर देणाऱ्याने वहीत ‘दिल्याची तारीख’ या रकान्याशेजारी सहा महिन्यांची मुदत लिहून ठेवणे हिताचे आहे. मुदत सरताना शिल्लक असलेला माल परत बोलवावा किंवा त्याचे बिल करावे.

दोन पानांची ही रचना एकाच अंकाच्या मासिकाला पुरेपूर उपयोगी पडते. दोनशे पुस्तकांच्या प्रकाशकाला ती जशीच्या तशी पुरणार नाही. पन्नास विक्रेते आणि दोनशे पुस्तके म्हटली म्हणजे वीस हजार पाने झाली, आणि तेवढी कोणी लिहिणार नाही. तेथे संगणकाचा आश्रय घ्यावा लागतो, आणि त्यातली शहाणी रीत अशी की प्रत्येक विक्रेत्याला आपलेच एक दूरचे गोदाम मानावे: माल देणे म्हणजे एका गोदामातून दुसऱ्यात स्थलांतर, परत येणे म्हणजे उलट स्थलांतर, आणि बिल फक्त विक्रीपत्रकावर. तत्त्व तेच राहते, वहीचे रूप बदलते. संगणकाने बेरजा अचूक होतात, पण ५८ चे ६० लिहून आले तर तो ६० च मानून चालतो. म्हणून एका वेळी सर्व पुस्तकांची मोजदाद शक्य नसली तरी, प्रत्येक भेटीत ज्यांची शिल्लक बरीच पण हालचाल शून्य आहे अशी पाच-सहा पुस्तके निवडून ती फडताळात प्रत्यक्ष पाहावीत. बहुधा तूट तेथेच दबा धरून बसलेली असते, कारण विकली गेलेली आणि सांगितली न गेलेली प्रत कागदोपत्री ‘न हलणारी शिल्लक’ म्हणूनच दिसत राहते.

३१ मार्चला प्रत्येक पानाखाली रेघ ओढून विक्रेत्याकडे रुजवातीचे पत्र पाठवावे. त्यात नग आणि रुपये यांच्या बाक्या वेगवेगळ्या लिहिलेल्या असाव्यात आणि दोहोंपुढे त्याची स्वतंत्र सही घ्यावी, कारण पैशाच्या बाकीवर सही करणारा विक्रेता मालाच्या बाकीला मान्यता देतोच असे नाही. कोल्हापूरच्या पानावर मार्चअखेर रुपयांची बाकी शून्य झालेली असली तरी नगांची बाकी ६ अशीच राहते. ते ६ अंक प्रकाशकाच्या ताळेबंदात त्याच्याच साठ्यात दाखवावयाचे, आणि त्यांचे मोल छपाईखर्चाने न धरता हंगाम गेलेल्या अंकाला जे काही येईल तेवढेच धरावयाचे. एप्रिलच्या नव्या पानाची पहिली ओळ म्हणून ‘मागील शिल्लक ६, वर्ष व अंकाचे नाव’ असे लिहावे. अन्यथा पुढच्या दिवाळीत परत येणाऱ्या गठ्ठ्यात गेल्या वर्षीचे सहा अंक मिसळून येतात आणि नव्या अंकाच्या परतीत मोजले जातात.